काचेच्या विटांमधला कवडसा

गेल्या तीसेक वर्षांत बांधलेल्या कितीतरी इमारतींच्या जिन्यात मधल्या लँडिंगवर काचेच्या विटांचा एक उभा पट्टा असतो. पलीकडचं झाड त्यात हिरव्या डागांसारखं दिसतं, आकाश वरच्या ओळींत सांडलेलं असतं, आणि ऊन तिरकं आलं की लँडिंगच्या फरशीवर चमकत्या रेषांची जाळी पडते. हीच भिंत नव्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकातल्या थ्रीडी चित्रात पाहा. बहुतेक वेळा तिथे नुसते पांढुरके चौकोन दिसतात. उजेड असतो, पण तो काचेतून आलेला वाटत नाही. चौकोनांच्या मागे ट्यूबलाइट लावावी तसा सपाट वाटतो.

थ्रीडी चित्रं करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि या कामात काचेच्या विटांइतकी फसवी वस्तू मला तरी दुसरी माहीत नाही. संगणकाला काच येत नाही म्हणून हे होतं, असं मात्र नाही. काच त्याला उत्तम येते. आपण त्याला वीट नीट सांगत नाही, आणि विटेच्या पलीकडे बघण्यासारखं काही ठेवत नाही.

म्हणून आधी खरी वीट हातात घेऊन बघू. बाजारात सर्रास मिळणारी वीट १९० मिलिमीटर लांब, तेवढीच उंच आणि ८० मिलिमीटर जाड असते. दोन विटांमध्ये १० मिलिमीटरची दरज धरली की दर विटेला २०० मिलिमीटर हा हिशेबाला सोपा आकडा मिळतो. ही वीट भरीव नसते. तापलेली काच साच्यात दाबून दोन उथळ वाडगे बनवतात आणि ते तोंडाला तोंड लावून जोडतात. आतली गरम हवा थंड होताना आकसते, त्यामुळे पोकळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. विटेच्या चारी कडांना पांढरट लेप दिलेला असतो, कारण गुळगुळीत काचेला सिमेंट धड चिकटत नाही.

आता बोट फिरवून बघा. नेहमीच्या लाटांच्या नक्षीची वीट असेल तर तिचं बाहेरचं तोंड बहुधा सपाट लागतं. लाटा आतल्या बाजूला, पोकळीकडे असतात. पुसायला सोपं जावं म्हणून हे केलेलं असतं, पण दिसण्यावर याचा मोठा परिणाम होतो. समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब सपाट तोंडावर जवळजवळ सरळ दिसतं आणि त्याच वेळी पलीकडचं दृश्य मात्र वेडंवाकडं दिसतं. सरळ प्रतिबिंब आणि विस्कटलेलं दृश्य एकाच चौकोनात, एकावर एक. डोळ्याला ही गोष्ट कळते, तोंडाने सांगता येत नाही एवढंच. चित्रात ती नसली की बघणारा म्हणतो, ‘काहीतरी प्लॅस्टिकचं वाटतंय.’

उजेडाच्या बाजूने बघायचं तर एका विटेत काचेचे चार पृष्ठभाग आहेत. किरण बाहेरून काचेत शिरतो, पोकळीत उतरतो, पुन्हा काचेत शिरतो आणि मग जिन्यात येतो. दर पृष्ठभागावर तो वाकतो, आणि समोरून आलेल्या उजेडाचा साधारण चार टक्के भाग तिथूनच मागे फिरतो. चार पृष्ठभाग मिळून पंधरा-सोळा टक्के उजेड असाच जातो. काच सपाट असती तर किरण आत आल्यावर मूळच्याच दिशेने चालू लागला असता, फक्त जरासा बाजूला सरकून. दिशा बदलते ती लाटांमुळे. या भिंतीचा मऊपणा असा येतो. काच धूसर नसते. ती पूर्ण स्वच्छ असते, पण एका विटेतून येणारे शेकडो किरण वेगवेगळ्या दिशांना फेकते.

एक जिनाच घेऊ. पुण्यातला एक बंगला, जिन्याची भिंत पश्चिमेला, तिच्यात १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच पट्टा. म्हणजे आडव्या सहा आणि उभ्या बारा, एकूण बहात्तर विटा. मी हे ब्लेंडरमध्ये, त्यातल्या सायकल्स या इंजिनावर करतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावं बदलतात, अडचणी त्याच राहतात.

वीट एकदाच बनवायची आणि तिच्या बहात्तर नकला लावायच्या. पण ती एक वीट पोकळ हवी. घाईत बरेच जण काचेचा भरीव ठोकळा ठेवतात. ठोकळ्यात आतले दोन पृष्ठभागच नसतात, म्हणून लाटा बाहेरच्या तोंडावर टाकाव्या लागतात, आणि मग प्रतिबिंबसुद्धा लाटांबरोबर डुचमळायला लागतं. मघाची गंमत तिथेच संपते. पोकळी करताना आणखी एक खाच आहे. संगणकातल्या प्रत्येक पृष्ठभागाला एक पुढची बाजू असते, आणि ती नेहमी काचेपासून हवेकडे तोंड करून हवी. बाहेरच्या कवचाची बाहेर, आतल्याची पोकळीकडे. आतलं कवच उलटं राहिलं तर संगणक पोकळीलाच काच समजतो. ब्लेंडरमध्ये `Face Orientation` चालू केलं की पुढची बाजू निळी आणि मागची लाल दिसते. वीट कापून आत लाल दिसलं, तर पुढचं सगळं काम फुकट जाणार हे समजावं.

कडांचा पांढरा लेप मी वेगळा देतो, साध्या रंगासारखा, काचेसारखा नाही. वीट तिरकी दिसते तेव्हा तिची आतली बाजू हा लेपच उजळवतो. लेप नसेल तर तिथून दरजेतलं काळपट सिमेंट दिसतं आणि प्रत्येक विटेला सुतकी चौकट येते. दरजा व्हाइट सिमेंटच्या, काचेच्या तोंडापासून दोनेक मिलिमीटर आत. शेवटी प्रत्येक नकलेला जराशी वेगळी कलती द्यायची, पाव अंशाच्या आत. गवंड्याच्या हातून बसलेल्या बहात्तर विटा कधीच एका पातळीत नसतात, त्यामुळे खिडकीचं प्रतिबिंब विटेविटेला तुटतं. एवढ्याशा कलतीने भिंत बांधलेली वाटायला लागते.

मग रेंडर सुरू होतं आणि पहिली तक्रार येते: विटांच्या कडा काळ्या. याचं कारण उड्यांच्या हिशेबात असतं. किरण किती पृष्ठभागांतून जाईपर्यंत त्याचा पाठलाग करायचा, याची मर्यादा `Light Paths` मध्ये दिलेली असते. सायकल्समध्ये `Transmission` ची आणि एकूण उड्यांची मर्यादा मुळात बारा असते. वेळ वाचवायला कुणी ती चारवर आणली की समोरून बघताना किरण कसाबसा विटेपार होतो, पण पलीकडच्या भिंतीवर आपटून पुढे जायला त्याच्याकडे उडी उरत नाही. कडांपाशी तर तो काचेच्या आतल्या आत दोन-चार वेळा परावर्तित होतो आणि तिथेच संपतो. संपलेला किरण म्हणजे काळा ठिपका. बाथरूममध्ये विटांच्या अलीकडे शॉवरची काच असेल तर आणखी दोन पृष्ठभाग वाढले. मी `Transmission` सोळा आणि एकूण मर्यादा वीस ठेवतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण काळ्या कडांसाठी पुन्हा बसावं लागत नाही.

दुसरी चूक खुणावणारी आहे, आणि ती मी मोठमोठ्या कार्यालयांच्या चित्रांत पाहिली आहे. मऊ उजेड हवा म्हणून काचेचा `Roughness` वाढवायचा. ०.३ केला की भिंत खरोखर मऊ दिसते, आणि काचेची विटही राहत नाही. तो दुधी काचेचा तुकडा होतो. सगळ्या विटा सारख्या, झाडाचा हिरवा नाही, आकाशाचा निळा नाही. मऊपणा लाटांतून यायला हवा, खरखरीतपणातून नाही. `Roughness` शून्यावर किंवा अगदी ०.०२ पर्यंत. रंगाचंही तसंच. काचेला किंचित हिरवट छटा हवी म्हणून `Glass BSDF` ला रंग दिला, तर तो दर पृष्ठभागाला एकदा लागतो. नव्वद टक्के उजेड सोडणारा रंग चार पृष्ठभागांनंतर छासष्ट टक्क्यांवर येतो, आणि भिंत हिरवट-काळी दिसू लागते. रंग द्यायचाच तर पांढऱ्याच्या अगदी जवळचा.

आणि तरीही चित्र निर्जीव वाटू शकतं. वीट अचूक, उड्या पुरेशा, काच स्वच्छ, आणि भिंत राखाडी. अशा वेळी मी सॉफ्टवेअरला हात न लावता भिंतीच्या पलीकडे जातो. तिथे काय आहे? बहुतेकदा काहीच नसतं. जिन्याचं मॉडेल भिंतीपाशी संपलेलं असतं आणि त्यामागे एकरंगी पार्श्वभूमी. काचेच्या विटेकडे स्वतःचं काही नसतं, ती पलीकडचं विस्कटून दाखवते. विस्कटायलाच काही नसेल तर ती बिचारी काय दाखवणार?

म्हणून बाहेर अंगण ठेवायचं. दोन मीटरवर कंपाउंडची भिंत, तिच्यावर ऊन पडलेलं. एखादं झाड, त्याची पानं नीट नसली तरी चालतं, रंग आणि काळोखाचे ठिपके हवेत. खाली फरसबंदी, वर आकाश. एवढं ठेवलं की खालच्या दोन-तीन ओळी तांबूस होतात, मधल्या हिरवट, वरच्या निळसर-पांढऱ्या. प्रत्येक वीट या दृश्याचा आपापला विस्कटलेला तुकडा दाखवते आणि एकीचा तुकडा शेजारणीशी जुळत नाही. लोक ज्याला या भिंतीची चमक म्हणतात ती बहुतांशी बाहेरच्या कंपाउंडच्या भिंतीवरून उसळून आलेला उजेड असते. ही भिंत गडद विटकरी केली तर जिना उबदार होतो, पांढरी केली तर दुप्पट उजळतो. खऱ्या घरातही हेच घडतं, आणि घर बांधणाऱ्याने चित्रातून घेण्यासारखी ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

आता उन्हाकडे. इथे संगणक खरोखर अडतो, आणि का अडतो हे समजून घेण्यासारखं आहे.

बहुतेक इंजिनं उलटी चालतात. सूर्याकडून निघालेले बहुतेक किरण कॅमेऱ्यात कधी येतच नाहीत, म्हणून कॅमेऱ्यातून किरण सोडायचा, तो फरशीवर जिथे आपटला तिथून सूर्याकडे सरळ रेघ ओढायची आणि विचारायचं, मध्ये काही आडवं आहे का? मोकळ्या खिडकीला ही युक्ती झकास चालते. काचेची वीट आडवी आली की उत्तर येतं, ‘आहे.’ काचेतून उजेड येतो हे खरं, पण तो वाकून येतो, त्या सरळ रेघेने येत नाही. परिणामी संगणकाच्या लेखी काचेची भिंत आणि मातीची भिंत सारखीच, आणि लँडिंगवर ठार सावली.

उरतो तो नशिबाचा रस्ता. फरशीवरून कुठल्याही दिशेला किरण फेकायचा, तो विटेत शिरून वाकत वाकत बाहेर पडावा आणि नेमका सूर्यावर जाऊन लागावा. आकाशात सूर्याचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं. क्षितिजावरच्या सगळ्या आकाशाशी त्याचं प्रमाण काढलं तर सुमारे ९० हजारांत एक. म्हणजे दर ठिपक्याला हजार किरण फेकले तरी बहुतेक ठिपके काळेच राहतात, आणि ज्या एखाद्याला सूर्य लागतो तो भगभगीत पांढरा होतो. अंधाऱ्या फरशीवर पांढरे कण उधळलेले दिसतात. आमच्या धंद्यात त्यांना फायरफ्लाय म्हणतात. त्यातच कुणी सूर्याच्या दिव्याचा `Angle` शून्य ठेवला असेल तर तो बिंदू होतो, आणि बिंदूवर नेम लागणं अशक्यच. रात्रभर रेंडर चालू ठेवलं तरी कवडसा येत नाही.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे संगणकाशी थोडं खोटं बोलणं. `Light Path` मधलं `Is Shadow Ray` वापरून सांगायचं की कॅमेऱ्यासाठी ही काच आहे, पण सूर्याची चौकशी करणाऱ्या किरणासाठी ती पारदर्शक कागद आहे. लगेच फरशी उजळते. जिथे घाई आहे तिथे मीही हेच करतो. फक्त एक करायचं: `Refractive` कॉस्टिक्स बंद ठेवायचे, नाहीतर तोच उजेड दोन वाटांनी येऊन दोनदा मोजला जातो. या खोट्याची किंमतही आहे. फरशीवर स्वच्छ चौकोन आणि दरजांच्या सावल्या पडतात, साध्या जाळीच्या खिडकीतून पडाव्यात तशा. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी हलते तशी उजेडाची जी वेडीवाकडी नक्षी हवी, ती येत नाही. लँडिंग चित्रात कोपऱ्यात असेल तर चालून जातं. कवडसाच चित्राचा विषय असेल तर नाही.

तेव्हा २०२२ साली ब्लेंडर ३.२ मध्ये आलेली सोय कामाला येते. सूर्याला, विटेला आणि फरशीला, तिघांनाही `Shadow Caustics` चं आपापलं बटण आहे. ते चालू केलं की संगणक सरळ रेघ ओढून थांबत नाही. ती रेघ काचेच्या पृष्ठभागांवर सरकवत सरकवत खरी वाकडी वाट शोधतो. मर्यादा चार वेळा वाकण्याची, आणि आपल्या विटेला चारच पृष्ठभाग आहेत. पाचवा असता तर ही सोय आपल्या उपयोगाची नव्हती. लाटा मात्र खऱ्या आकारात कोरलेल्या आणि गुळगुळीत हव्यात. शिवाय एका जागी उजेड अनेक वाटांनी येत असला तरी त्याला एखादीच सापडते, म्हणून नक्षी खऱ्यापेक्षा साधी राहते. अगदी खरी हवी असेल तर दिव्याच्या बाजूने किरण सोडणारी इंजिनं आहेत. ती तासन् तास घेतात.

वेळ कुठली निवडायची हाही प्रश्न चित्राचाच भाग आहे. पश्चिमेची भिंत म्हणून लोक संध्याकाळचे पाच निवडतात. पण डिसेंबरात पुण्यात पाच वाजता सूर्य क्षितिजाच्या जेमतेम बारा अंश वर असतो. सव्वादोन मीटर उंचीवरच्या विटेतून येणारा उजेड तेव्हा फरशीला टेकायला दहा मीटर जागा मागतो, म्हणजे तो समोरच्या भिंतीवर जाऊन पडतो. दुपारी तीनला सूर्य चौतीस अंशांवर असतो आणि तोच उजेड सव्वातीन मीटरच्या आत फरशीवर येतो. कवडसा फरशीवर हवा तर तीन, समोरच्या भिंतीवर पसरलेला हवा तर पाच.

शेवटची लुडबुड स्वच्छतेची. उरलेला कणकणाट पुसायला डीनॉइझर असतो. साध्या भिंतीवर तो छान काम करतो, पण कवडशाच्या बारीक रेषा त्याला कणकणाटासारख्याच वाटतात आणि तो त्या पुसून जलरंगी ओघळ करतो. म्हणून या भागाला दोन हजारांच्या आसपास नमुने द्यायचे आणि डीनॉइझरला थोडंच काम ठेवायचं. वरून `Fog Glow` ची धुकट आभा द्यायची हौस अनेकांना असते. सर्वांत उजळ दोन-चार विटांपुरती ती ठीक. सगळ्या भिंतीवर दिली की मघाच्या ट्यूबलाइटवर परत आलो.

हे सगळं दिवसाचं. रात्री या भिंतीचं काय करायचं याचं उत्तर पॅरिसमध्ये १९३२ सालीच देऊन झालं आहे. पिएर शारो आणि बर्नार्ड बायफूट यांनी डॉक्टर दालसास यांच्यासाठी बांधलेल्या ‘मेझाँ द व्हेर’ या घराची दर्शनी बाजू जवळपास पूर्ण काचेच्या विटांची आहे. वरच्या मजल्यावरची वृद्ध भाडेकरू जागा सोडेना, म्हणून तिचा मजला तसाच ठेवून खालचं घर नव्याने उभं केलं. त्या घराच्या बाहेर, अंगणात, प्रखर दिवे लावलेले आहेत. रात्री ते लागले की उजेड विटांतून आत येतो आणि दिवाणखान्यात दिवसासारखा पसरतो. जिन्याच्या रात्रीच्या चित्रात मीही दिवा बाहेर ठेवतो, विटांपासून मीटरभर लांब आणि खालच्या बाजूला. आतला दिवा प्रखर असेल तर विटा आतून आरसे होतात आणि भिंत काळी पडते.

बाथरूमची गोष्ट मात्र उलटी आहे, आणि तिथे ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बाहेरून दिसणार नाही ना हो?’ एका आर्किटेक्टबाईंनी मला याचं चित्रच करायला सांगितलं होतं, बाहेरून, रात्रीचं, आत माणूस उभा. केल्यावर दिसलं ते असं. माणूस विटांना चिकटून उभा असेल तर अंगाचा रंग आणि आकार बऱ्यापैकी कळतो. दीड मीटर मागे गेला की विटाविटांत रंगाचे ठिपके उरतात, माणूस ओळखू येत नाही. पण दिवा त्याच्या पाठीमागे असेल तर ते ठिपके एकत्र येऊन उजळ भिंतीवर सरळ सावली होते, आणि सावलीला चेहरा नसला तरी हालचाल असते. बाईंनी ते चित्र घरमालकांना दाखवलं. आरशावरचा दिवा विटांच्या लगतच्या भिंतीवर, विटा आणि माणूस यांच्या मध्ये आला, मागच्या भिंतीवरचा रद्द झाला, आणि शॉवर समोरच्या कोपऱ्यात हलवला.